घराचा वॉकथ्रू व्हिडिओ: पाहणाऱ्याला नकाशा काढता आला पाहिजे

घरविक्रीसाठी केलेला वॉकथ्रू व्हिडिओ पूर्ण झाल्यावर मी तो ज्याने ते घर कधीच पाहिलेले नाही अशा एखाद्या माणसाला दाखवतो, त्याच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल देतो आणि घराचा ढोबळ नकाशा काढायला सांगतो. दारातून आत गेल्यावर स्वयंपाकघर कोणत्या हाताला आहे, बाथरूमचे दार पॅसेजमध्ये उघडते की बेडरूममध्ये, गॅलरी कोणत्या खोलीला लागून आहे, एवढे जरी त्याला बरोबर काढता आले तरी व्हिडिओ जमला असे मी धरतो. साताऱ्यात घर घेऊ पाहणारे कितीतरी लोक पुण्या-मुंबईत नोकरी करणारे असतात आणि शंभर-सव्वाशे किंवा त्याहून जास्त किलोमीटरचा प्रवास करावा की नाही हे ते व्हिडिओ पाहून ठरवतात. त्यांना सुंदर दृश्यांच्या आधी घराची रचना समजायला हवी असते. लेन्स किती वाइड घ्यायची, कॅमेरा किती उंचीवर धरायचा, किती सावकाश चालायचे आणि कोणती खोली आधी दाखवायची, हे चारही निर्णय या एका कसोटीवर घेता येतात. म्हणून हा लेख मी एकाच घराच्या आधाराने लिहीत आहे.

ते घर म्हणजे साताऱ्यातील सदर बझार भागातला, दुसऱ्या मजल्यावरचा सुमारे ६२० चौरस फूट चटई क्षेत्राचा दोन बेडरूमचा फ्लॅट. मालक निवृत्त शिक्षक असून ते मुलाकडे पुण्याला राहायला जाणार होते. मुख्य दार पूर्वेला. आत आल्यावर १५ फूट लांब आणि साडेदहा फूट रुंद हॉल, दाराला लागूनच डाव्या हाताला स्वयंपाकघर आणि त्यामागे ड्राय बाल्कनी. हॉलच्या पश्चिम टोकाला साडेतीन फूट रुंद आणि ११ फूट लांब पॅसेज आहे. त्या पॅसेजमध्ये उजवीकडे लहान बेडरूम, डावीकडे सर्वांसाठीचे बाथरूम आणि समोर मोठी बेडरूम लागते. मोठ्या बेडरूमला स्वतःचे बाथरूम आहे आणि दक्षिणेकडे गॅलरी आहे, जिथून अजिंक्यतारा किल्ला दिसतो.

पहिली पायरी: आदल्या दिवशी कागद आणि टेप घेऊन जाणे

चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी कॅमेरा न घेता घरी जावे. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी टेपने मोजावी, नकाशा काढावा आणि त्यावर दारे कोणत्या बाजूला उघडतात हे आवर्जून दाखवावे, कारण अर्धवट उघडणारे दार पाहणाऱ्याचा आणि चालणाऱ्याचा असा दोघांचाही रस्ता अडवते. कोणते दार कुलूप आडवे आल्याने पूर्ण उघडत नाही, कोणत्या दारामागे ड्रम किंवा शिडी ठेवली आहे, कोणती ट्यूब लुकलुकते, हे आदल्या दिवशी कळले तर त्यावर उपाय करता येतो.

त्याच फेरीत खोल्यांचा क्रम ठरवावा. मालकाची इच्छा बहुधा वेगळी असते. या घरातल्या काकांनी मला सांगितले, "अहो, आधी मोठी बेडरूमच घ्या. कपाटं गेल्याच वर्षी करून घेतलीत, ती लोकांना आधी दिसू देत." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, पण बेडरूमपासून सुरुवात केली तर पाहणाऱ्याला आपण घरात कुठून शिरलो हेच कळत नाही आणि पुढची प्रत्येक खोली त्याच्या डोक्यात सुटी राहते. मी त्यांना म्हटले, "काका, पाहुणा आपल्या घरी येतो तसाच कॅमेरा आत येऊ द्या. कपाटं नीट दिसतील, जरा शेवटी दिसतील एवढंच." ते लगेच पटले.

क्रमाचा मूळ नियम साधा आहे. बाहेरून आत, मोकळ्या जागेकडून खाजगी जागेकडे, आणि शक्यतो एकाच दिशेने पुढे जात राहायचे. घरातून पाय मागे घेण्याचा, म्हणजे आल्या वाटेने परत चालण्याचा भाग कधीही दाखवू नये, कारण परतीच्या वाटेवर डावे-उजवे बदलते आणि मनात तयार होणारा नकाशा तिथेच मोडतो. या घरात स्वयंपाकघर हा आंधळा खण आहे, म्हणजे आत गेले की परत हॉलमध्ये यावेच लागते. तिथे मी असे केले: हॉलमधून डावीकडे वळून स्वयंपाकघरात तीन फूट आत गेलो, ओट्यावरून सावकाश नजर फिरवली, ड्राय बाल्कनीचे पाच सेकंदांचे स्थिर दृश्य घेतले आणि तिथेच तुकडा तोडला. पुढचा तुकडा पुन्हा हॉलमधून, पश्चिमेकडे तोंड करून सुरू केला, पण असा की फ्रेमच्या डाव्या कडेला स्वयंपाकघराच्या दाराची चौकट दिसत राहील. ती चौकट आधीच्या तुकड्यात दिसलेली असते, म्हणून पाहणाऱ्याला न सांगताही कळते की आपण पुन्हा हॉलमध्ये आलो आहोत आणि आता पुढे निघालो आहोत.

अशी एक ओळखीची खूण प्रत्येक दोन तुकड्यांत सामाईक ठेवणे, हे क्रमापेक्षाही महत्त्वाचे आहे असे माझे मत झाले आहे. हॉलमधले देवघर, निळा सोफा, पॅसेजच्या तोंडावरचा बेसिनचा आरसा, यांपैकी काहीही चालते. नकाशावर मी अशा खुणा गोल करून ठेवतो आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी व पुढच्याच्या सुरुवातीला कोणती खूण दिसायला हवी ते बाजूला लिहितो.

लेन्स किती वाइड असावी

नवशिक्याचा पहिला मोह म्हणजे जेवढी मिळेल तेवढी वाइड लेन्स लावणे. माझ्याकडूनही सुरुवातीला हे झाले. एका लहान फ्लॅटचे चित्रीकरण मी फोनच्या 0.5x लेन्सने केले, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या भाषेत साधारण १३ मिलिमीटरने. नऊ फुटांचे स्वयंपाकघर व्हिडिओत पंधरा फुटांचे दिसले. पुण्याहून आलेल्या दांपत्याने दारातच विचारले, "हा तोच फ्लॅट ना?" त्यानंतर त्यांनी उरलेल्या खोल्या नीट पाहिल्यासुद्धा नाहीत. मालकांचा दिवस गेला, त्या दांपत्याचा प्रवास वाया गेला, आणि चूक पूर्णपणे माझी होती.

वाइड लेन्सचे काम खोली मोठी दाखवणे हे नाही. समोरच्या भिंतीबरोबर बाजूच्या भिंतीचा आणि तिच्यातल्या दाराचा काही भाग एकाच वेळी दिसावा, म्हणजे खोल्या एकमेकांना कशा जोडल्या आहेत हे कळावे, एवढ्यासाठी ती लागते. त्यासाठी फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटर पुरेसे असतात. त्याहून लहान सेन्सरच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर तेच दृश्य साधारण १२ मिलिमीटरला मिळते. फोनवर मधला झूम निवडता येत असेल तर 0.7x च्या आसपास ते येते.

१८ मिलिमीटरचा आणखी एक फायदा असा की त्याचा हिशोब तोंडी करता येतो. या लेन्सचा आडवा कोन बरोबर ९० अंशांचा असतो, म्हणून भिंत जेवढ्या अंतरावर असेल त्याच्या दुप्पट रुंदी फ्रेममध्ये मावते. पाच फुटांवरून दहा फूट रुंदीची भिंत पूर्ण दिसते. २४ मिलिमीटरला हेच प्रमाण दीडपट होते, म्हणजे त्याच भिंतीसाठी पावणेसात फूट मागे सरकावे लागते. नकाशावर खोल्यांची मापे असतील तर कुठे उभे राहायचे हे घरी बसूनच ठरवता येते. लहान बेडरूम ११ बाय १० फुटांची होती. दाराजवळून समोरची भिंत साधारण नऊ फुटांवर येते, म्हणजे १८ मिलिमीटरला तिथे १८ फूट रुंदी मावेल. भिंत दहाच फुटांची असल्यामुळे उरलेल्या आठ फुटांच्या जागेत दोन्ही बाजूंच्या भिंती येतात. एवढे पुरे होते, त्याहून वाइड जाण्याचे कारणच उरत नाही.

फ्रेमच्या कडेला आलेली जवळची वस्तू ताणलेली दिसते, हे वाइड लेन्सचे खरे दुखणे आहे. पलंगाची कोपऱ्यातली कड, सोफ्याचा हात किंवा फ्रिज तीन फुटांच्या आत आणि फ्रेमच्या काठाशी आला की तो लांबट होतो. ओळखायला सोपी जागा म्हणजे गोल वस्तू: देवघरातली घंटा, भिंतीवरचे घड्याळ किंवा छताचा पंखा फ्रेमच्या कडेला अंडाकृती दिसू लागला की आपण त्या वस्तूच्या फार जवळ आलो आहोत असे समजावे आणि एक पाऊल मागे जावे किंवा वस्तूच थोडी हलवावी. हा दोष लेन्स खराब असल्याचा नाही, आणि महागडी लेन्स घेतली तरी तो जात नाही.

लेन्स ठरवताना आणखी एक गोष्ट तपासायला हवी. काही कॅमेऱ्यांमध्ये सेकंदाला ५० फ्रेमचा ४के व्हिडिओ घेतला की सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो, आणि फोनमधले इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरणसुद्धा कडेचा भाग कापते. त्यामुळे लेन्सवर १८ लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात दृश्य बरेच अरुंद मिळू शकते. ज्या सेटिंगवर चित्रीकरण करायचे त्याच सेटिंगवर आदल्या दिवशी घरातल्या एखाद्या मोजलेल्या भिंतीसमोर दुप्पट रुंदीचा हिशोब जमतो का ते पाहून घ्यावे.

एक अपवाद मात्र मी नेहमी करतो. गॅलरीतून दिसणारा अजिंक्यतारा १८ मिलिमीटरने घेतला तर क्षितिजावर बोटभर टेकडी दिसते आणि ज्या दृश्यासाठी लोक जास्त पैसे द्यायला तयार असतात तेच हरवते. गॅलरीचा कठडा आणि तिची रुंदी वाइडने दाखवून झाली की किल्ल्यासाठी वेगळा तुकडा ३५ ते ५० मिलिमीटरने, गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा मोटरचा दांडा, न हलवता घ्यावा. डोळ्याला किल्ला जेवढा वाटतो साधारण तेवढाच तो मग पडद्यावर वाटतो. त्याहून लांब पल्ल्याची लेन्स लावून किल्ला गॅलरीला चिकटवणे हीसुद्धा लहान स्वयंपाकघर मोठे दाखवण्यासारखीच फसवणूक होईल.

उभ्या रेषा ओळंब्यात ठेवणे

गवंडी भिंत बांधताना ओळंबा सोडून पाहतो, तशीच नजर इथे हवी. घराच्या चित्रात दाराच्या चौकटी, भिंतींचे कोपरे, कपाटांच्या कडा आणि खिडक्या अशा असंख्य उभ्या रेषा असतात. त्या तिरप्या झाल्या की पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण घर कलंडल्यासारखे, अस्वस्थ वाटते. लेन्स जेवढी वाइड तेवढा हा दोष जास्त उठून दिसतो.

कारण एकच आहे: कॅमेरा वर किंवा खाली झुकलेला असणे, किंवा कुशीवर कललेला असणे. कोणती चूक झाली आहे हे दाराच्या दोन बाजूंच्या चौकटींकडे पाहून लगेच ओळखता येते. दोन्ही चौकटी एकाच दिशेला कललेल्या असतील तर कॅमेरा कुशीवर कलला आहे. त्या वरच्या बाजूला एकमेकींच्या जवळ येत असतील तर कॅमेरा वर पाहतो आहे, आणि वरच्या बाजूला फाकत असतील तर खाली पाहतो आहे. चौकट सरळ उभी असूनही मधे बाहेरच्या बाजूला पोट आल्यासारखी वाकलेली दिसत असेल तर तो झुकण्याचा दोष नसून लेन्सची वक्रता आहे. ती कॅमेऱ्यातली लेन्सदुरुस्ती चालू करून किंवा एडिटिंगमध्ये घालवता येते.

कॅमेरा पूर्ण पातळीत धरला की एक गोष्ट आपोआप घडते: कॅमेरा ज्या उंचीवर आहे त्या उंचीवरच्या सगळ्या वस्तू फ्रेमच्या बरोबर मध्यरेषेवर येतात. म्हणून जमीन आणि छत किती दिसणार हे कॅमेरा झुकवून ठरवायचे नसते, ते कॅमेऱ्याच्या उंचीने ठरते. छत साडेनऊ फुटांवर असलेल्या घरात मी लेन्स जमिनीपासून चार फुटांवर ठेवतो. डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे पाच-सव्वापाच फुटांवर धरला तर छत आणि पंखेच जास्त दिसतात आणि फरशी, पलंग, सोफा खाली ढकलले जातात. चार फुटांची उंची लक्षात राहावी म्हणून आदल्या दिवशी गिंबल हातात धरून टेपने मोजावे आणि ती उंची आपल्या शर्टाच्या कितव्या बटणाशी येते ते पाहून ठेवावे.

स्वयंपाकघरात मात्र साडेचार फुटांवर जावे, कारण ओटा पावणेतीन-तीन फुटांवर असतो आणि चार फुटांवरून त्याचा पृष्ठभाग फार चिंचोळा दिसतो. छताजवळचा माळा दाखवायचा असेल तर कॅमेरा वर झुकवू नये. तो पातळीतच ठेवून डोक्याच्या उंचीवर न्यावा आणि वेगळा स्थिर तुकडा घ्यावा.

गिंबल वापरत असाल तर त्याचा मोड असा निवडावा की कॅमेरा फक्त डावी-उजवीकडे तुमच्या हाताबरोबर फिरेल आणि वर-खाली झुकणे बंद राहील. बऱ्याच गिंबलवर या मोडचे चिन्ह PF असे असते. चित्रीकरणाआधी एखाद्या चौकटीसमोर उभे राहून स्क्रीनवरच्या ग्रिडच्या उभ्या रेषेशी चौकट जुळवावी आणि त्यानंतर जॉयस्टिकला अंगठा लागणार नाही याची काळजी घ्यावी. माझे निम्मे वाया गेलेले तुकडे त्या अंगठ्यामुळेच गेले आहेत: चालता चालता झुकाव दोन अंशांनी बदलतो, छोट्या स्क्रीनवर कळत नाही आणि घरी मॉनिटरवर पाहिले की अख्खा हॉल हळूहळू मागे पडताना दिसतो. सगळ्या तुकड्यात झुकाव सारखाच चुकलेला असेल तर एडिटिंगमध्ये कडा थोड्या कापून तो दुरुस्त करता येतो. चालताना बदलत गेलेला झुकाव दुरुस्त करायला मात्र इतका वेळ लागतो की पुन्हा जाऊन चित्रीकरण करणे सोपे पडते. म्हणून प्रत्येक तुकडा घेतल्यावर तिथेच शेवटची दोन सेकंदे पाहून चौकट तपासावी.

चालणे आणि वळणे

गिंबल डोलणे आणि कलणे थांबवतो. पावलांबरोबर शरीर वर-खाली होते ते मात्र तो थांबवू शकत नाही, हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. लांबची भिंत स्थिर दिसते आणि जवळच्या खुर्चीची पाठ प्रत्येक पावलाला उड्या मारते, असे दिसले की कारण हेच आहे असे समजावे. उपाय शरीराचा आहे: गुडघे किंचित वाकलेले, पाऊल लहान, टाच टेकवून मग तळवा सावकाश खाली सोडायचा आणि कोपर अंगाजवळ. फरशीवर मोजे घालून चालू नये, पाय घसरतो. अनवाणी चालणे सर्वांत चांगले, आणि आपल्याकडे कोणाच्याही घरात ते खटकत नाही.

वेगासाठी माझे माप असे आहे की पडद्यावर सेकंदाला सुमारे एक फूट अंतर कापले गेले पाहिजे. इतके सावकाश चालणे प्रत्यक्षात अवघड जाते, तोल जातो. म्हणून मी सेकंदाला ५० फ्रेम घेतो, जवळजवळ दोन फूट वेगाने चालतो आणि एडिटिंगमध्ये २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर वेग निम्मा करतो. त्यामुळे पावलांचे उरलेसुरले हेलकावेही विरघळतात. ५० फ्रेमला शटर १/१०० ठेवावे. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, म्हणून १/५० आणि १/१०० या शटरवर ट्यूबलाइट व बहुतेक एलईडी दिवे लुकलुकत नाहीत. परदेशी व्हिडिओ पाहून ३० फ्रेम आणि १/६० ठेवणाऱ्यांच्या चित्रात भिंतीवर काळसर पट्टे सरकताना दिसतात, ते याच कारणाने. छताचे पंखे बंदच ठेवावेत, नाहीतर पाती विचित्र अडखळत फिरताना दिसतात.

वळण हे चालण्यापेक्षा अवघड असते. फ्रेमच्या एका कडेला दिसलेली वस्तू दुसऱ्या कडेपर्यंत पोचायला पडद्यावर सुमारे सात सेकंद लागावेत, हा जुना आणि उपयोगी नियम आहे. १८ मिलिमीटरचा कोन ९० अंशांचा असल्यामुळे त्याचा अर्थ असा होतो की काटकोनात वळायला पडद्यावर सात सेकंद, म्हणजे वेग निम्मा करणार असाल तर प्रत्यक्षात साडेतीन सेकंद द्यावेत. मनातल्या मनात अंक मोजत वळावे. सुरुवात आणि शेवट एकदम करू नये, आणि वळून झाल्यावर दोन सेकंद स्थिर उभे राहावे. एडिटिंगमध्ये जोडायला ती दोन सेकंदे फार कामी येतात.

दारातून जाताना वळू नये. चौकट लेन्सच्या फूटभर अंतरावर असते, त्या वेळी वळले की ती कडेने भसकन सरकते आणि पाहणाऱ्याची नजर खोलीवरून सुटून चौकटीवर जाते. दाराच्या मधोमध सरळ आत जावे, चौकट पूर्ण मागे पडली की मगच वळायला सुरुवात करावी. साडेतीन फुटांच्या पॅसेजमधून बाजूच्या बेडरूममध्ये वळणे असे जमतच नाही, म्हणून तिथे हट्ट सोडावा. पॅसेजमध्ये सरळ चालत जाऊन दार फ्रेममध्ये आल्यावर तुकडा संपवावा आणि पुढचा तुकडा त्याच दारात उभे राहून आतल्या बाजूने सुरू करावा. एका दमात अख्खे घर दाखवणारा अखंड तुकडा पाहायला छान वाटतो, पण सातारच्या नेहमीच्या फ्लॅटमध्ये तो अरुंद वळणांवर फसतो आणि अंधाऱ्या पॅसेजमधून उजेडाच्या खोलीत जाताना उजेडाचे गणितही कोलमडते.

कॅमेऱ्यात सेन्सरचे स्थिरीकरण असेल तर गिंबलवर ते बंद करून एक तुकडा घेऊन पाहावा. वाइड लेन्सवर ते चालू असताना फ्रेमचे कोपरे जेलीसारखे हलतात, मध्यभाग मात्र स्थिर राहतो. एकदा हे ओळखता आले की पुन्हा चुकत नाही.

बाथरूममध्ये चालायचेच नाही. दारातून चार सेकंदांचे स्थिर दृश्य पुरते. आरशात आपण दिसू नये म्हणून आरशाच्या समोर उभे न राहता त्याच्या भिंतीलगत उभे राहावे आणि कमोडचे झाकण बंद करावे.

उजेड, थोडक्यात

एक्स्पोजर आणि रंग दोन्ही हाताने ठरवून प्रत्येक तुकड्यापुरते बांधून ठेवावेत. ऑटोवर ठेवले की खिडकीकडे वळताच खोली काळोखते आणि पिवळ्या बल्बकडे वळताच भिंती निळ्या पडतात. पांढरी ट्यूब आणि पिवळे दिवे एकाच खोलीत असतील तर दोहोंपैकी एकच जात चालू ठेवावी. दिवसाचा उजेड पुरेसा असेल तर दोन्ही बंद करावेत.

वेळ ठरवताना दिशेचा विचार लागतोच. साताऱ्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेची गॅलरी उन्हाने भरते, पण त्याच वेळी दक्षिणेला असलेला अजिंक्यतारा सूर्याखाली येऊन धुरकट, सपाट दिसतो. हे घर मी डिसेंबरमध्येच घेतले. किल्ल्याचा तुकडा सकाळी आठच्या सुमारास, डाव्या बाजूने तिरपे ऊन येत असताना आधीच घेऊन ठेवला आणि आतल्या खोल्या दहा ते बारा या वेळेत केल्या. एडिटिंगमध्ये तो तुकडा शेवटी लावला.

जोडणी आणि नकाशाची परीक्षा

इमारतीच्या बाहेरचे दृश्य सहा सेकंद, मुख्य दार सहा, हॉल बावीस, स्वयंपाकघर सोळा, मोठी बेडरूम अठरा, आणि गॅलरी व किल्ला मिळून बारा, असे करत पूर्ण व्हिडिओ १ मिनिट ५५ सेकंदांचा झाला. प्रत्येक खोली सुरू होताना खालच्या कोपऱ्यात तिचे नाव आणि आतून मोजलेले माप मराठीत लिहिले. नव्या प्रकल्पातले घर असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांकही जाहिरातीत द्यावा लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून त्यासोबत क्यूआर कोडही. तो बांधकाम व्यावसायिकाकडून आधीच मागून घ्यावा.

मग मी शेजारच्या दुकानातल्या काकूंना व्हिडिओ दोनदा दाखवला आणि कागद दिला. त्यांनी हॉल, स्वयंपाकघर आणि गॅलरी अगदी बरोबर काढले. सर्वांसाठीचे बाथरूम मात्र त्यांनी मोठ्या बेडरूमच्या आत, तिथल्या दुसऱ्या बाथरूमशेजारी काढले. व्हिडिओ पुन्हा पाहिल्यावर कारण सापडले. पॅसेजच्या तुकड्यात डावीकडचे बाथरूमचे दार मी बंद ठेवले होते, त्यामुळे ते कपाटाच्या दारासारखे दिसत होते, आणि बाथरूमचे दृश्य मी बेडरूमनंतर लावले होते.

दुसऱ्या दिवशी मी फक्त पॅसेज पुन्हा घेतला. तिन्ही दारे पूर्ण उघडी, बाथरूममधला दिवा चालू, आणि हॉलच्या टोकावरून आठ सेकंदांची सरळ चाल, ज्यात डावे, उजवे आणि समोरचे अशी तिन्ही दारे एकाच वेळी दिसतात. त्यामागोमाग लहान बेडरूम, मग बाथरूम, मग मोठी बेडरूम असा क्रम लावला. हा व्हिडिओ मी दुसऱ्याच एका माणसाला दाखवला, कारण काकूंना आता घर माहीत झाले होते. त्याने बाथरूम पॅसेजमध्येच काढले, पण पॅसेज जवळजवळ हॉलएवढा लांब काढला. वाइड लेन्सने अरुंद जागा लांब भासतात, आणि त्या एका तुकड्यावर मी माप लिहायला विसरलो होतो. तिथे "पॅसेज: ११ फूट × ३.५ फूट" एवढे लिहून मी फाइल काकांच्या मुलाकडे पुण्याला पाठवली.